पडून राहिलेल्या मालावरील सूट (गोवा)

हंगाम सरत आला तरी न खपलेल्या मालावर किती सूट द्यावी, हा किरकोळ व्यापारातील निर्णय. सूट कमी पडली तर माल कपाटातच राहतो. ती हाताबाहेर गेली तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक पूर्ण भावात घेणे सोडून सेलची वाट पाहते. या नोंदीत प्रामुख्याने फोंडा, म्हापसा, डिचोली येथील कापड व तयार कपड्यांच्या दुकानांतील प्रथेचा विचार केला आहे.

उगम. ठरावीक काळाने भाव उतरवून माल मोकळा करण्याची पद्धत कोणी सुरू केली, याविषयी एकमत नाही. फ्रेंच परंपरा तिचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पॅरिसच्या मोठ्या दुकानांना देते. अमेरिकन लेखक फिलाडेल्फियात वॉनमेकर यांनी १८७८ च्या सुमारास भरवलेल्या पांढऱ्या कापडाच्या सेलकडे बोट दाखवतात. दोन्ही ठिकाणी हंगामाबाहेर दुकानात वर्दळ आणणे हा हेतू अधिक दिसतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बॉस्टनच्या फाइलीन दुकानाचे तळघर जास्त महत्त्वाचे मानावे लागते. १९०९ च्या आसपास तेथे वस्तूच्या चिठ्ठीवर ती मांडल्याची तारीख लिहू लागले. विक्रीचे बारा दिवस उलटले की पाव भाव कमी होई, आणखी सहा दिवसांनी अर्धा, त्यापुढे सहा दिवसांनी पाऊण. त्यानंतरही उरलेली वस्तू धर्मादाय संस्थेला जाई. हे वेळापत्रक साऱ्या गावाला ठाऊक होते, तरी बहुतांश माल पहिल्या टप्प्यातच उचलला जाई असे सांगतात. वाट पाहणाऱ्याला भाव उतरणार याची खात्री होती. वस्तू मिळेल याची नव्हती.

उपपत्ती. रोनल्ड कोस यांनी १९७२ मध्ये मांडले की, टिकाऊ वस्तूचा एकमेव विक्रेता पुढे भाव उतरवणार हे ग्राहकाला कळले, तर आजचा भावही त्याला टिकवता येत नाही. एडवर्ड लेझिअर यांच्या १९८६ मधील विवेचनात विक्रेता उतरत्या भावांतून मालाला किती मागणी आहे हे जोखतो, आणि ग्राहकाने थांबावे की नाही हे थांबण्यात किती धोका आहे यावर ठरते. दुसरा एक पक्ष वारंवारतेवर भर देतो. सूट लहान असो वा मोठी, ती ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा आली की गिऱ्हाईक सूटवजा भावालाच खरा भाव समजू लागते. अमेरिकेतील जेसी पेनी कंपनीने २०१२ मध्ये सेल बंद करून रोजचे भाव खाली आणले. त्या वर्षी तिची विक्री सुमारे चतुर्थांशाने घटली. हे उदाहरण या दुसऱ्या पक्षाला बळ देते. मात्र मोजक्या नगांच्या दुकानाला लेझिअर यांचा विचार अधिक लागू पडतो.

फोंड्यातील नमुना हिशेब. समजा, चवथीसाठी एका नमुन्याचे ४० कुर्ते मागवले. खरेदी ६०० रुपये, विक्री १,००० रुपये. चवथीपर्यंत २६ गेले, १४ उरले. सूट ठरवताना दुकानदार सहसा ६०० रुपयांच्या खाली उतरायला तयार नसतो. पण ते पैसे आता गुंतून गेले आहेत. तळ ठरतो तो हा माल दुसरीकडे काय देईल यावरून. लॉट उचलणारा नगाला २५० रुपये देत असेल, तर तळ २५० चा. निम्म्या भावात चौदाही कुर्ते गेले तर ७,००० रुपये येतात, लॉटचे ३,५०० आले असते. म्हणजे सेलने ३,५०० रुपये जास्त मिळवून दिले. पुढच्या वर्षी पूर्ण भाव देणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी सात जण थांबून ५०० रुपयांना घेऊ लागले, की हा फायदा स्थूलमानाने पुसला जातो.

ती सात जणं थांबतील का, हे त्यांच्या बाजूने मोजता येते. एखादीला कुर्ता १,२०० रुपयांच्या मोलाचा वाटतो असे धरू. आज घेतला तर तिला २०० रुपयांचे समाधान. थांबून ५०० रुपयांना मिळाला तर ७०० चे, पण मिळाला तर. मिळण्याची शक्यता साधारण २९ टक्क्यांच्या वर गेली तरच थांबणे परवडते. सूट वीसच टक्के असती तर ही मर्यादा ५० टक्क्यांवर असती. सूट जितकी खोल, तितका कमी माल सेलला उरलेला हवा. सणाची तारीखही दुकानदाराच्या बाजूने काम करते. चवथ झाल्यावर तोच कुर्ता तिला ९०० चाच वाटला, तर निम्म्या भावासाठी थांबायलाही निम्म्याहून अधिक शक्यता लागते.

येथे एकूण शिल्लक फसवी ठरते. चाळीसपैकी चौदा म्हणजे ३५ टक्के. पण ‘मीडियम’ मापाचा एकच उरलेला असतो आणि ‘डबल एक्सएल’चे सहा. मीडियमवालीला थांबणे महाग पडते. डबल एक्सएलवालीला तीन वर्षांत कळते की आपले माप नेहमीच उरते, आणि चवथीआधी ती दुकानात फक्त बघून जाते. या मापावर सूट कमी करून प्रश्न सुटत नाही. पुढच्या मागणीत ते माप कमी घ्यावे लागते. ‘सगळ्यावर ३० टक्के’ ही पाटी सर्वांत महाग, कारण तिच्यामुळे ताज्या मालाचीही मिळण्याची शक्यता जवळपास पूर्ण होते. उरलेले नग वेगळ्या टेबलावर काढून एकदाच खोल सूट देणे बरे. दहा, मग वीस, मग तीस अशा पायऱ्या मोठ्या शिल्लकीवर लावल्या, तर पुढच्या पायरीसाठी थांबण्याची सवय लागते.

कराचा टप्पा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के, त्यापुढे अठरा टक्के जीएसटी आहे. करपूर्व २,८०० रुपयांचा पोशाख गिऱ्हाइकाला ३,३०४ ला पडतो. बिलातच ३०० रुपये सूट दाखवली, की तो २,६२५ ला पडतो. दुकानाने अकरा टक्क्यांहून कमी सोडले आणि गिऱ्हाइकाला वीस टक्क्यांहून अधिक वाचले. या पट्ट्यातील मालावर याहून खोल जाण्याची गरज क्वचितच पडते.

सवय लागल्याची लक्षणे. ‘सेल कधी लागतो?’ हा गल्ल्यावरचा प्रश्न पुरेसा पुरावा नव्हे. तो सगळेच विचारतात. बिलांवरील फोन क्रमांक पाहावेत. सेलमधले क्रमांक नवे असतील तर चिंता नाही. गेल्या वर्षी पूर्ण भावात घेणारेच क्रमांक आता सेलमध्ये दिसत असतील, तर सूट मर्यादेबाहेर गेली आहे. तुलना महिन्यावरून करू नये. चवथ २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ऑगस्टला ऑगस्टशी जोडले तर विक्री घसरल्याचा नुसताच भास होतो. चवथीआधीचे तीन आठवडे चवथीआधीच्या तीन आठवड्यांशी ताडावेत. त्या दिवसांत पावसाने बाजार बसवला असेल, तर ते वर्ष तुलनेतून वगळलेले बरे.

किनारपट्टी. कळंगुट, कोलवा येथील दुकानांत पर्यटक बहुधा एकदाच येतो, त्यामुळे त्याला सवय लागण्याचा प्रश्न जवळपास नाही. तेथे बरीचशी सूट घासाघिशीतच दिली जाते आणि बिलावर तिचा मागमूस राहत नाही. पावसाळ्यात मात्र याच दुकानांना गाववाले गिऱ्हाईक लागते. तेव्हा जाहीर पाटी लावावी की घासाघीसच चालू ठेवावी, याबाबत प्रथा दुकानागणिक वेगळी आहे.