तीन आकड्यांत मावणारे व्याजदर

‘व्याजदर वाढले’ अशी बातमी येते तेव्हा नेमका कोणता दर वाढला? मध्यवर्ती बँक ठरवते तो दर एका रात्रीच्या उधारीचा असतो. सरकार मात्र तीन महिन्यांसाठीही पैसे उचलतं, दोन वर्षांसाठीही आणि दहा-तीस वर्षांसाठीही, आणि प्रत्येक मुदतीचा दर बाजारात वेगळा ठरतो. हे दर एका दिशेने आणि सारखेच हलतात, हा समज चुकीचा आहे.

अमेरिकी सरकारी रोख्यांचं उदाहरण घेऊ. २०२१च्या अखेरच्या दिवशी तीन महिन्यांचा दर ०.०६ टक्के होता, दोन वर्षांचा ०.७३ आणि दहा वर्षांचा १.५२. आडव्या अक्षावर मुदत आणि उभ्या अक्षावर दर मांडले की जी रेषा मिळते तिला यील्ड कर्व्ह म्हणतात. उद्याचा अंदाज बांधायचा तर दहा-पंधरा मुदतींचे दर एकेक करून वर्तवावे लागतील आणि ते एकमेकांशी विसंगत निघण्याची भीती असते. १९८७ साली चार्ल्स नेल्सन आणि अँड्र्यू सीगल यांनी यावर एक सूत्र दिलं. २००६ मध्ये फ्रान्सिस डीबोल्ड आणि कॅनलिन ली यांनी त्याचाच वापर अंदाजासाठी करून दाखवला:

```
y(τ) = β1 + β2·(1−e^(−λτ))/(λτ)
          + β3·[(1−e^(−λτ))/(λτ) − e^(−λτ)]
```

इथे τ म्हणजे महिन्यांतली मुदत आणि y(τ) म्हणजे त्या मुदतीचा टक्क्यांतला दर. β1 सगळ्या मुदतींना सारखाच लागतो, म्हणून त्याला पातळी म्हणतात. β2चा गुणक मुदत शून्याजवळ असताना १ असतो आणि मुदत वाढेल तसा घटत जातो, हा उतार. त्याचं चिन्ह जरा फसवं आहे, कारण रेषा वर चढत असेल तर β2 ऋण येतो.

खरी गंमत तिसऱ्या घटकात आहे. β3चा गुणक शून्य मुदतीला शून्य, फार लांब मुदतीला पुन्हा शून्याकडे, आणि मध्ये कुठेतरी फुगलेला असतो. म्हणून तो रेषेला बाक देतो. हा फुगवटा कुठे यायचा ते सूत्रातला λ, म्हणजे लॅम्डा, ठरवतो. लॅम्डा गुणिले मुदत सुमारे १.७९ झाली की शिखर येतं. डीबोल्ड आणि ली यांनी लॅम्डा ०.०६०९ धरला, म्हणजे शिखर साधारण अडीच वर्षांवर. लॅम्डा एकदा पक्का केला की हे घातांकी दिसणारं सूत्र साधं रेषीय समीकरण होतं. प्रत्येक मुदतीचे दोन गुणक आधीच काढून ठेवायचे आणि β सोडवायचे. तीन महिन्यांसाठी ते ०.९१४ व ०.०८१ येतात, दोन वर्षांसाठी ०.५२६ व ०.२९४, दहा वर्षांसाठी ०.१३७ व ०.१३६.

वरच्या तीन दरांवरून तीन समीकरणं मांडून सोडवली की पातळी १.८२, उतार उणे १.९० आणि बाक उणे ०.३२ मिळतो. (काटेकोर कामात कूपनरहित रोख्यांचे दर आधी काढून घेतात आणि सगळ्या मुदतींवर लघुतम वर्ग पद्धत चालवतात. इथे प्रसिद्ध झालेले दर तसेच वापरले आहेत.) आता ज्या मुदती आपण सूत्राला दाखवल्याच नाहीत, त्यांवर ते तपासू. एका वर्षासाठी सूत्र ०.४० सांगतं, प्रत्यक्ष दर ०.३९. तीन वर्षांसाठी ०.९६, प्रत्यक्ष ०.९७. पाच वर्षांसाठी १.२४, प्रत्यक्ष १.२६. पण वीस वर्षांना सूत्र १.६७ म्हणतं आणि बाजार १.९४! एवढ्या दूरवर दोन्ही गुणक जवळजवळ सारखे होऊन विरत जातात, त्यामुळे तिथे वेगळा वळसा घ्यायला सूत्राकडे काही उरत नाही. म्हणून स्वीडिश अर्थतज्ज्ञ लार्स स्वेन्सन यांनी दुसरा फुगवटा जोडला. मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाही भारत सरकारच्या रोख्यांसाठी हेच वाढीव रूप वापरत आली आहे.

लॅम्डा रोज नव्याने का शोधू नये? शोधला तर त्या दिवसाची रेषा अधिक चपखल बसते, हे खरं. पण काही लॅम्डांना उतार आणि बाक यांचे गुणक एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि मग एकाची प्रचंड धन व दुसऱ्याची प्रचंड ऋण किंमत घेऊनही तीच रेषा बनते. बाजार शांत असताना β आज ३, उद्या ११ असे उड्या मारू लागले, तर हाच घोटाळा झाला आहे असं समजावं. अशा आकड्यांच्या मालिकेवरून अंदाज बांधता येत नाही.

अंदाजाची रीत सोपी आहे. दर महिनाअखेरीला तीन β काढायचे, त्यांच्या तीन मालिका तयार होतात. प्रत्येक मालिकेत आजच्या किमतीवरून बारा महिन्यांनंतरची किंमत काढणारं साधं प्रतिगमन बसवायचं. किंमत आपल्या दीर्घकालीन सरासरीकडे किती ओढली जाते, एवढंच ते मोजतं. मग अंदाजित β पुन्हा सूत्रात घातले की सगळ्या मुदतींचे दर एकदम आणि सुसंगत मिळतात. १९९४ ते २०००च्या आकड्यांवर या रीतीने वर्षभर पुढचे अंदाज ‘आजचाच दर कायम राहील’ या अंदाजाहून चांगले निघाले. एका महिन्यापुढच्या अंदाजात मात्र तसा फायदा दिसला नाही.

आता २०२२ घ्या. समजा, आपल्या मालिकांत पातळीची सरासरी ४, उताराची उणे २ आणि बाकाची उणे १ आहे, आणि आजच्या किमतीचं सरासरीपासून जे अंतर आहे त्यापैकी वर्षानंतर अनुक्रमे ८०, ५० व ३५ टक्के शिल्लक राहतं. मग वर्षानंतरचे β २.२६, उणे १.९५ आणि उणे ०.७६ येतात. त्यावरून तीन महिन्यांचा दर ०.४२, दोन वर्षांचा १.०१ आणि दहा वर्षांचा १.८९ निघतो. प्रत्यक्षात २०२२ अखेर हे दर ४.४२, ४.४१ आणि ३.८८ होते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने महागाईविरुद्ध वर्षभरात आपला दर शून्याजवळून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेला होता. सूत्राला महागाई दिसतच नाही, त्याला दिसतात फक्त पातळी, उतार आणि बाक. उतार उणे १.९० म्हणजे सरासरीजवळच होता, तेव्हा त्याने हलायचं कारण काय? रेषा उत्तम बसली म्हणून अंदाजही उत्तम येईल, असं अजिबात नाही.

त्या अखेरीचे तीन दर घेऊन पुन्हा β काढले तर पातळी ३.५८, उतार अधिक ०.७९ आणि बाक १.४० येतो, म्हणजे रेषा उलटी झाली. अशी उलटी रेषा दिसली की ‘मंदी अटळ’ म्हणणाऱ्यांची आणि पंचांग पाहून सेन्सेक्स सांगणाऱ्यांची वाहिन्यांवर गर्दी होते. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, अमेरिकेत मंदी आली नाही. सूत्र बाजाराची अपेक्षा मोजतं, भविष्य नाही.

यावेळी बसणीही बिघडली. एका वर्षासाठी सूत्र ४.४६ सांगतं, प्रत्यक्ष दर ४.७३ होता. पाच वर्षांसाठी ४.१३, प्रत्यक्ष ३.९९. बाजाराला दर लवकरच शिखर गाठून उतरतील असं वाटत होतं, त्यामुळे खरा फुगवटा सहा महिने ते एक वर्षावर होता, आणि आपण तो अडीच वर्षांवर खिळून ठेवला होता. एकाच मुदतीची चूक महिनोन्‌महिने एकाच चिन्हाची येत राहिली, तर लॅम्डा बदलायची वेळ झाली. शिखर एका वर्षावर आणायला तो ०.१५च्या आसपास लागेल. मात्र तो बदलला की जुन्या सगळ्या महिन्यांचे β नव्याने काढावे लागतात, कारण वेगवेगळ्या लॅम्डांचे उतार आणि बाक एका मालिकेत जोडले तर मधला तो सांधा प्रतिगमनाला बाजारातली उलथापालथ वाटतो.