सर्वाधिक एकांची ओळ : रेषीय वेळेतील शोध

n ओळी आणि m स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये फक्त 0 आणि 1 आहेत, आणि प्रत्येक ओळीत सगळे एक आधी, शून्ये नंतर आहेत. यातली सर्वाधिक एकांची ओळ जास्तीत जास्त n + m − 1 घरे पाहून सापडते. काही ठिकाणी शून्ये आधी घेतात. तेव्हा शोध उजव्या टोकापासून सुरू होऊन डावीकडे सरकतो, बाकी काही बदलत नाही.

शोध पहिल्या ओळीच्या पहिल्या घरापासून निघतो. घरात 1 असेल तर ती ओळ आघाडीवर म्हणून नोंदवायची आणि उजवीकडे सरकायचे. 0 असेल तर त्याच स्तंभात खाली उतरायचे.

```
1 1 0 0 0
1 0 0 0 0
1 1 1 1 0
1 1 1 0 0
```

इथे पहिल्या ओळीत दोन एक मिळतात आणि तिसऱ्या घरात शून्य लागते. दुसऱ्या ओळीचे तिसरेच घर पाहायचे. ते शून्य, म्हणून तिच्यात दोनपेक्षा जास्त एक असूच शकत नाहीत. तिसरी ओळ चार एकांपर्यंत नेते, चौथीचे पाचवे घर शून्य निघते आणि शोध संपतो. एकूण आठ घरे पाहिली. चौथ्या ओळीत नेमके किती एक आहेत हे कळलेच नाही, आणि ते कळण्याची गरजही नव्हती.

या रीतीचे मूळ बहुधा सॅडलबॅक सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या मॅट्रिक्समध्ये दिलेली किंमत शोधण्याच्या रीतीत, शोधले जाते. डेव्हिड ग्रीस यांच्या 1981 च्या पुस्तकात तो शोध येतो. दोन्हींतली पायऱ्यांची वाट सारखी दिसते, पण हे नाते जपूनच मानावे. सॅडलबॅकमध्ये ओळी आणि स्तंभ दोन्ही क्रमाने लागतात. वरच्या उदाहरणात दुसरा स्तंभ 1, 0, 1, 1 असा आहे, तरी उत्तर बरोबर येते. कारण इथे ओळ सोडताना फक्त तिचा आघाडीवरचा दावा फेटाळला जातो, खालच्या ओळींबद्दल काहीच गृहीत धरले जात नाही. म्हणून हिला स्वतंत्र रीत मानणे अधिक योग्य वाटते.

दर ओळीत बायनरी सर्च केल्यास 1000 × 1000 च्या मॅट्रिक्समध्ये सुमारे 10,000 घरे पाहावी लागतात, इथे फार तर 1999. मात्र ओळी चारच आणि स्तंभ दहा लाख असतील तर बायनरी सर्च सुमारे 80 घरांत काम उरकते, आणि ही रीत दहा लाखांच्या वर जाऊ शकते.

मॅट्रिक्स आधीच मेमरीत असल्याचे गृहीत आहे. ते वाचून घ्यायलाच nm वेळ लागतो. ओळींचा क्रमही तपासला जात नाही. एखादी ओळ 1 0 1 1 1 अशी बिघडलेली असेल तर कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीची ओळ उत्तर म्हणून येऊ शकते. बरोबरी झाल्यास वरची ओळ मिळते. सगळीच शून्ये असतील तर आघाडीची नोंदच होत नाही, म्हणून तिची सुरुवातीची किंमत −1 ठेवतात.