दोन आवाज, दोन घड्याळे आणि एक आभासी केबल

ऑनलाइन मुलाखत रेकॉर्ड करायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडतो तो एका साध्या चौकटीपाशी. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून एकच साधन निवडता येते. मायक्रोफोन निवडला तर फक्त आपले प्रश्न रेकॉर्ड होतात. संगणकाचा आवाज निवडला तर फक्त पाहुण्याची उत्तरे. दोन्ही हवे असतील तर रेकॉर्डिंगच्या आधीच कुठेतरी त्यांची बेरीज व्हायला हवी. आभासी केबल ही ती जागा.

नावात केबल असली तरी ही वस्तू म्हणजे एक ड्रायव्हर आहे. विंडोजला तो सांगतो, मी एक साउंड कार्ड आहे. त्यामुळे प्लेबॅकच्या यादीत एक नवे नाव दिसते आणि रेकॉर्डिंगच्या यादीतही. प्लेबॅकच्या बाजूने आत सोडलेला आवाज रेकॉर्डिंगच्या बाजूने जसाच्या तसा बाहेर येतो. मध्ये ना स्पीकर, ना हवा, ना तार. सगळा व्यवहार मेमरीत होतो. एकाच केबलमध्ये दोन प्रोग्रॅमनी आवाज सोडला तर त्यांचे आकडे एकमेकांत मिळवले जातात. आपल्याला नेमके हेच हवे आहे.

या प्रकारातले जुने सॉफ्टवेअर Virtual Audio Cable याच नावाचे आहे. व्हीबी-ऑडिओची VB-CABLE ही दुसरी प्रसिद्ध केबल. इथे पहिले घेतो, कारण त्याच्यासोबत Audio Repeater नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो आणि आवाजाचा प्रवास त्यात उघड दिसतो. त्याची विनामूल्य चाचणी आवृत्ती रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून बोलून आपण चाचणी आवृत्ती असल्याचे सांगते. बिघाड समजून त्याचे कारण शोधत बसू नका.

एका केबलवर भागेल असे वाटते, पण पाहुण्याचा आवाज दोन ठिकाणी जायला हवा: तुमच्या कानात आणि मिश्रणात. तुमचा आवाज मात्र फक्त मिश्रणात. एकच केबल वापरून तिच्यातला सगळा आवाज हेडफोनवर ऐकला, तर स्वतःचे बोलणेही क्षणभराने कानावर आदळते, आणि तसे ऐकत बोलताना चांगला वक्ताही अडखळतो. म्हणून दोन केबल घ्याव्यात. Virtual Audio Cable च्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्ये केबलींची संख्या 2 केली की Line 1 आणि Line 2 अशी नावे दिसू लागतात. विंडोजची ध्वनी-साधनांची जुनी खिडकी उघडायला Win + R दाबून हे टाइप करा:

```
mmsys.cpl
```

प्लेबॅकमध्ये Line 1 हे डीफॉल्ट साधन करा. आता संगणकाचा सगळा आवाज Line 1 मध्ये जाईल आणि हेडफोन गप्प होतील. घाबरू नका, असेच व्हायला हवे. मग Audio Repeater तीन वेळा उघडा. पहिला Line 1 मधून उचलून हेडफोनला देईल, म्हणजे तुम्हाला पाहुणा ऐकू येईल. दुसरा Line 1 मधूनच उचलून Line 2 मध्ये टाकेल. तिसरा मायक्रोफोनमधून उचलून Line 2 मध्ये टाकेल. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला इनपुट म्हणून Line 2 दाखवा. संभाषणाच्या ॲपमध्ये मात्र मायक्रोफोन म्हणून खरा मायक्रोफोनच ठेवा. तिथे चुकून Line 2 निवडली गेली तर पाहुण्याला स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटला दिला जातो.

स्पीकर या मांडणीत बसतच नाहीत. स्पीकरमधला पाहुण्याचा आवाज हवेतून मायक्रोफोनमध्ये शिरला की तो Line 2 मध्ये दोन वाटांनी पोहोचतो, एकदा थेट आणि एकदा उशिराने. रेकॉर्डिंग पोकळ, विहिरीतून आल्यासारखे वाटते आणि नंतर ते दुरुस्त होत नाही.

बेरजेत एक धोका आहे. 16 बिटांच्या ध्वनीत प्रत्येक नमुना, म्हणजे एका क्षणाच्या आवाजाचे मोजमाप, हा −32768 ते 32767 यांमधला एक आकडा असतो. एका क्षणी पाहुण्याचा नमुना 20000 आणि तुमचा 18000 असेल, तर बेरीज 38000 होते आणि ती या पट्टीत मावत नाही. मग ती 32767 वर कापली जाते आणि कानाला खरखर ऐकू येते. दोघे एकदम हसले की हटकून असे होते. म्हणून दोन्ही आवाजांची शिखरे कमाल पातळीच्या निम्म्याच्या खाली ठेवावीत, डेसिबलच्या भाषेत −6 च्या खाली. रेकॉर्डिंग थोडे हळू वाटले तर नंतर वाढवता येते. कापला गेलेला भाग मात्र परत येत नाही.

इथवर गोष्ट मार्गांची होती. खरी मेख वेळेत आहे.

प्रत्येक रिपीटर आवाज उचलतो, थोडा साठवतो आणि पुढे देतो. या साठ्याला बफर म्हणतात आणि त्याचा आकार मिलिसेकंदात ठरवता येतो. नव्याने उघडलेल्या रिपीटरमध्ये तो सहसा 500 असतो, म्हणजे अर्धा सेकंद. हेडफोनच्या वाटेवर इतका उशीर त्रासदायक ठरतो. पाहुणा बोलून थांबलेला असतो आणि तुम्ही अजून त्याचे ऐकतच असता, त्यामुळे दोघे एकमेकांवर बोलू लागता. म्हणून पहिल्या रिपीटरचा बफर 100 करा. ऐकण्यात खंड पडू लागला तर हळूहळू वाढवा.

मग तिन्हींचा 100 का करू नये? समजा, केला. पाहुण्याचे वाक्य Line 1 मध्ये संपले. 100 मिलिसेकंदांनी ते Line 2 मध्ये पोहोचले आणि साधारण त्याच क्षणी तुमच्या कानातही. तुम्ही तत्क्षणी "हो" म्हणालात. तो "हो" तिसऱ्या रिपीटरमधून Line 2 मध्ये जायला आणखी 100 मिलिसेकंद लागले. म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही लगेच बोललात, पण रेकॉर्डिंगमध्ये दशांश सेकंदाचा विराम आला. गप्पांमध्ये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण मागे ताल वाजवून गाणे म्हणणार असाल, तर मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत हा उशीर एका ठोक्याचा पाचवा हिस्सा होतो, आणि गायक सतत मागे पडल्यासारखा वाटतो.

उपाय उलटा आहे: पाहुण्याचा आवाजही मुद्दाम तितकाच उशिरा मिश्रणात सोडायचा. दुसऱ्या रिपीटरचा बफर हा पहिल्या आणि तिसऱ्याच्या बेरजेइतका ठेवायचा. वरच्या उदाहरणात तो 200 होईल. प्रत्यक्ष उशीर बफरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून एकदा मोजून पाहिलेले बरे. संगणकावर एक "टिक" असा छोटा आवाज वाजवा, हेडफोनचा एक कप मायक्रोफोनला चिकटवा आणि Line 2 रेकॉर्ड करा. आलेखात दोन टिक दिसतील, एक थेट आलेला आणि एक मायक्रोफोनमधून फिरून आलेला. त्यांच्यातले अंतर म्हणजे तुमची चूक. दुसऱ्या रिपीटरचा बफर बदलत दोन टिक एकमेकांवर आणा.

आता घड्याळांकडे येऊ. मायक्रोफोन सेकंदाला 48000 नमुने घेतो, असे आपण म्हणतो, पण हा सेकंद त्याच्या आतला स्फटिक मोजतो. साध्या स्फटिकात दहा लाखांत काही दशक इतकी चूक ठरलेली असते. आभासी केबलमध्ये स्फटिकच नाही, ती संगणकाच्या घड्याळावर चालते. दोघांत दहा लाखांत 50 चा फरक धरला तर मायक्रोफोन सेकंदाला 2.4 नमुने जास्त देतो. तासाला ते 8640 होतात, म्हणजे 0.18 सेकंदाचा आवाज. बफर ही टाकी समजा: वरच्या नळातून पाणी किंचित जास्त पडते आहे आणि खालच्या नळातून ठरलेलेच जाते आहे. टाकी भरून वाहिली की काही नमुने वाया जातात. नळ उलट असतील तर टाकी रिकामी पडते आणि मध्येच शांतता घुसते. दोन्हींचा परिणाम एकच, एक बारीकसा "टक्".

100 मिलिसेकंदांची टाकी अर्धी भरलेली असेल तर वर 50 मिलिसेकंदांची जागा उरते. वरच्या फरकाने ती 1000 सेकंदांत, म्हणजे जेमतेम 17 मिनिटांत भरते आणि मग थोड्या थोड्या वेळाने टक् येऊ लागतो. पाच मिनिटांच्या चाचणीत सारे स्वच्छ आणि तासाभराच्या मुलाखतीत उत्तरार्ध डागाळलेला, असे झाले तर संशय इथेच घ्यावा. रिपीटरच्या खिडकीत Overflow आणि Underflow यांची मोजणी दिसते. ती सावकाश, पण नेमाने वाढत असेल तर दोष घड्याळांचा आहे. एकदम झपाट्याने वाढली तर संगणक दुसऱ्या कामात गुंतला होता.

म्हणूनच तिन्ही बफर सारखे ठेवू नयेत, असे माझे मत आहे. ज्या वाटा कोणी थेट ऐकत नाही, त्यांना उशिराची पर्वा कशाला? मायक्रोफोनच्या रिपीटरला 400 द्या. अर्धी टाकी 200 मिलिसेकंदांची झाली, ती भरायला 4000 सेकंद लागतील. तासाची मुलाखत निभावते. दुसऱ्या रिपीटरला बेरजेच्या हिशेबाने 500. त्या वाटेवर दोन्ही टोकांना संगणकाचेच घड्याळ असल्याने टाकी जवळपास स्थिर राहते. हेडफोनच्या वाटेवर 100 च राहू द्या. तिथेही घड्याळे वेगळी आहेत, पण तिथला टक् फक्त तुमच्या कानात वाजतो, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. अर्थात, घड्याळांतला फरक दहा लाखांत 50 ऐवजी 100 असेल तर 4000 सेकंदांचे 2000 होतात. लांब बैठकीत मधल्या विश्रांतीत रिपीटर थांबवून पुन्हा सुरू केला की टाकी पूर्वपदावर येते.

मॅकवर हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. तिथे अनेक साधने जोडून एक साधन बनवता येते आणि Drift Correction ही खूण केली की मागे-पुढे धावणाऱ्या साधनाचे नमुने किंचित ताणून किंवा आवळून घड्याळ जुळवले जाते. लिनक्समधला module-loopback देखील वेग असाच अधूनमधून सुधारतो.

रेकॉर्डिंग पूर्णपणे शांत येत असेल तर बफरला हात लावू नका. विंडोजच्या लेखी केबलचे रेकॉर्डिंगचे टोक म्हणजे मायक्रोफोनच, त्यामुळे गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ॲपना मायक्रोफोन बंद असेल तर केबलही मुकी होते. फक्त पाहुणा गायब असेल तर संभाषणाच्या ॲपने डीफॉल्ट साधन सोडून थेट हेडफोन धरले आहेत का ते पाहा.

आणि एकदा बेरीज झाली की वजाबाकी नाही. पाहुणा बोलत असताना तुम्हाला खोकला आला तर तो त्याच्या उत्तरातून काढता येत नाही. तुमचे सॉफ्टवेअर दोन स्रोत दोन ट्रॅकवर घेत असेल, ओबीएस घेते, तर या केबलींच्या वाटेला जाऊच नका. केबल आहे ती एकच इनपुट मागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी.