केमो चालू असताना कानांची तपासणी कशासाठी?

“बाबांना सगळं नीट ऐकू येतंय, मग कानाची तपासणी कशाला? काही झालंच तर केमो संपल्यावर कान सुधारतील ना?” (कोल्हापुरातील एका रुग्णाची मुलगी)

सहसा सुधारत नाहीत. केमोतील सिस्प्लॅटिन या औषधामुळे आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. इजा सर्वांत उंच स्वरांपासून सुरू होते, त्यामुळे गप्पा नीट ऐकू येत असतानाही नुकसान चालू असू शकते. नेहमीची श्रवणचाचणी ८,००० हर्ट्झपर्यंतच जाते. म्हणून त्यावरच्या स्वरांचीही चाचणी मागावी, पहिल्या डोसआधी आणि नंतर प्रत्येक डोसआधी. माझ्या मते पहिली नोंद सर्वांत मोलाची, कारण ती नसेल तर पुढची तुलना कशाशी करणार?

समजा, सुरुवातीला १०,००० हर्ट्झला २५ आणि १२,५०० हर्ट्झला ३० डेसिबलला आवाज ऐकू आला आणि दुसऱ्या डोसआधी त्यासाठी ४० व ४५ डेसिबल लागले. लगतच्या दोन स्वरांवर ऐकण्यात अशी १० डेसिबल किंवा अधिक घट पुन्हा चाचणी करूनही कायम राहिली, तर ती खरी मानतात. मग मात्रा कमी करायची, त्याऐवजी कार्बोप्लॅटिन हे दुसरे औषध द्यायचे की तेच औषध चालू ठेवायचे, हे कर्करोगतज्ज्ञ आजाराकडे पाहून ठरवतात. घरच्यांनी परस्पर डोस चुकवू नये.