हिंदीतला 'कल': काल की उद्या?

हिंदीत 'कल आया था' म्हटलं की काल आणि 'कल आऊँगा' म्हटलं की उद्या. आजपासून एका दिवसाचं अंतर एवढंच 'कल' सांगतो. ते अंतर मागे मोजायचं की पुढे, हे क्रियापद ठरवतं. 'परसों'चंही तसंच, फक्त अंतर दोन दिवसांचं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की या शब्दाच्या मुळाशी काल नव्हता आणि उद्याही नव्हता. तिथे होती पहाट.

संस्कृतात या दोन दिवसांना दोन वेगळे शब्द होते: 'ह्यः' म्हणजे काल, 'श्वः' म्हणजे उद्या. पालीत ते 'हिय्यो' आणि 'सुवे' या रूपांत टिकले. नेपाळीतला 'हिजो' म्हणजे काल, तो याच 'ह्यः'चा वंशज. हिंदीच्या पट्ट्यात मात्र ही जोडी मागे पडली आणि तिची जागा 'कल्य' या शब्दाने घेतली. 'कल्य' म्हणजे पहाट, सकाळ. सकाळच्या न्याहारीला संस्कृतात 'कल्यवर्त' म्हणत. हिंदीतला 'कलेवा' त्यातूनच आला, आणि त्यात पहाटेचा मूळ अर्थ आजही शाबूत आहे. जैन आगमांच्या अर्धमागधीत 'कल्लं' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तो 'उद्या, रात्र सरून उजाडल्यावर' अशा अर्थाने. संस्कृत कोशांनी तर 'कल्य'खाली पहाट, उद्या आणि गेलेला दिवस असे तिन्ही अर्थ नोंदले आहेत. म्हणजे हा दुहेरीपणा आधुनिक हिंदीने निर्माण केलेला नाही.

सकाळेवरून उद्याकडे जाणं सोपं आहे. भोजपुरीत 'बिहान' म्हणजे सकाळ आणि उद्याही. आपला 'उद्या' हा शब्दही सूर्याच्या उदयाशी जोडला जातो. पण त्याच सकाळेतून काल कसा निघाला? मला पटणारं उत्तर असं की 'कल्य'चा अर्थ हळूहळू 'आजच्या शेजारची सकाळ' एवढाच उरला असावा. ती कोणत्या बाजूची, हे सांगायला क्रियापद होतंच. मराठीने हाच शब्द घेतला, पण 'काल' केवळ गेलेल्या दिवसासाठी राखून ठेवला आणि येणाऱ्या दिवसाला 'उद्या' दिला. कोकणीतही 'काल' मागचाच, पुढच्या दिवसाला 'फाल्यां'. गुजरातीत 'काल' दोन्हीकडचा राहिला, पण स्पष्ट बोलायचं असेल तेव्हा 'गईकाले' आणि 'आवतीकाले' अशी विशेषणं जोडली जातात. बंगालीत तेच काम 'गतकाल' आणि 'आगामीकाल' करतात.

या ठिकाणी एका लोकप्रिय समजुतीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती लेखांतून आणि भाषणांतून सतत कानावर येते. ती अशी: भारतीय माणूस काळाला चक्राकार मानतो, म्हणून त्याला काल आणि उद्या सारखेच. हे विधान ऐकायला खोल वाटतं, पण पुराव्यासमोर टिकत नाही. काळाची चक्राकार कल्पना मराठी माणसालाही तितकीच परिचित आहे, तरी त्याच्याकडे 'काल' आणि 'उद्या' वेगळे आहेत. आणि त्याच मराठी माणसाचा 'परवा' मात्र हिंदी 'परसों'सारखाच दोन्ही बाजूंना जातो: परवा आलो, परवा येतो. एका दिवसाच्या अंतरावर काळ सरळ रेषेत चालतो आणि दोन दिवसांवर तो वर्तुळ होतो, असं कोणी म्हणणार आहे का? जे संस्कृत या चक्राकार कल्पनेचं घर समजलं जातं, त्यातच 'ह्यः' आणि 'श्वः' स्वतंत्र होते. उलट संस्कृत व्याकरणाने एक वेगळी, फार नेमकी गोष्ट टिपली आहे. 'अनद्यतन', म्हणजे 'आजचा नसलेला', ही संज्ञा तिथे भूतकाळालाही लावली आहे (लङ्) आणि भविष्यकाळालाही (लुट्). आज आणि आज-नव्हे अशी विभागणी करून दिशा क्रियारूपावर सोपवणं भाषेला किती सहज जमतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. 'कल' याच विभागणीत बसतो.

मग ऐकणाऱ्याची फसगत कुठे होते? 'मैं कल जा रहा हूँ' हे वर्तमानकाळातलं वाक्यही नि:संशय उद्याचं असतं. क्रियापद नसलं तरी बहुतेक वेळा व्यवहारज्ञान पुरतं. 'कल का अख़बार' कालचाच, कारण उद्याचा अजून छापलेला नाही. 'कल की चिंता' उद्याची. 'कल का छोकरा' म्हणजे आपल्याकडचा कालचा पोर.

खरा गुंता होतो तो 'जाना था' या रचनेत. समजा, बुधवारी कोणी म्हणालं, 'मुझे कल दिल्ली जाना था.' इथे 'था' भूतकाळाचा आहे, पण तो प्रवासाचा भूतकाळ नव्हे, बेताचा आहे. बेत मंगळवारचा असून फसला, असाही अर्थ होतो. बेत गुरुवारचा होता आणि आता तो बदलला, असाही होतो. पुढे 'टिकट कैंसिल करा दी' असं जोडलं तरी उलगडा होत नाही. 'अब परसों जाऊँगा' म्हटलं तर जाणं शुक्रवारी, एवढंच कळतं. आधीचा बेत मंगळवारचा की गुरुवारचा, ते अधांतरीच. पण 'घर पर मेहमान आ गए थे' म्हटलं की मंगळवार, आणि 'घर पर मेहमान आ रहे हैं' म्हटलं की गुरुवार. उलगडा दुसऱ्या वाक्याच्या क्रियापदाने केला. तोही झाला नाही तर ऐकणारा सरळ विचारतो, किंवा बोलणाराच 'कल, यानी गुरुवार को' असं म्हणतो. 'मला परवा पुण्याला जायचं होतं' हे मराठी वाक्य घेऊन पाहा, नेमकी हीच अडचण येते.

अलीकडे ही अडचण वाढली आहे, त्याचं कारण मोबाइलवरचे त्रोटक निरोप. बोलताना क्रियापद सहसा गळत नाही, लिहिताना गळतं. 'कल दुकान बंद' या निरोपात 'थी' आणि 'रहेगी' दोन्ही बसतात. त्यात निरोप रात्री पाठवलेला आणि सकाळी वाचलेला असेल तर 'कल' कुठून मोजायचा, हाही प्रश्न उभा राहतो. ही दुसरी अडचण मराठीलाही चुकत नाही, कारण 'उद्या'सुद्धा लिहिणाऱ्याच्या आजपासूनच मोजला जातो.

यावर गुजरातीसारखा तोडगा हिंदीने का काढला नाही, असं विचारता येईल. 'बीता हुआ कल' आणि 'आने वाला कल' हे शब्दप्रयोग हिंदीत आहेत, पण त्यांचा अर्थ भूतकाळ आणि भविष्यकाळ असा व्यापक होऊन बसला आहे. 'आने वाले कल दुकान बंद रहेगी' असं सहज बोलण्यात कोणी म्हणत नाही. म्हणून जिथे नेमकेपणा हवा तिथे हिंदी वृत्तपत्रं 'कल' टाळून सरळ 'गुरुवार को' लिहितात.