हक्कसोडपत्र बिनमोबदला की मोबदल्याचं? प्लॉट विकताना खरेदी किंमत आणि धारणकाळ कसे बदलतात

वडील गेल्यावर बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देते आणि प्लॉट एकट्या भावाच्या नावावर येतो. हे दोन प्रकारे होतं. एकात बहीण काहीही न घेता हक्क सोडते, दुसऱ्यात आपल्या हिश्श्याचे पैसे घेते. दोन्ही दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले जातात, दोन्हींचं नाव हक्कसोडपत्रच असतं आणि मालमत्ता पत्रकावर दोन्हींनंतर भावाचं एकट्याचंच नाव दिसतं. भावाने पुढे प्लॉट विकला की मात्र आयकराचा हिशेब दोन वेगळ्या वाटांनी जातो.

आधी मूळ नियम. वारसाने, मृत्युपत्राने किंवा नातेवाइकाकडून बक्षीस म्हणून मिळालेली मालमत्ता विकताना तुमची खरेदी किंमत म्हणजे मागच्या मालकाने मोजलेली किंमत. ती वस्तू त्याच्याकडे जितका काळ होती, तो काळही तुमच्या धारणकाळात धरला जातो. मागच्या मालकालाही ती बक्षीस किंवा वारसानेच आली असेल, तर आणखी मागे जायचं, ज्याने ती खऱ्या अर्थाने विकत घेतली त्याच्यापर्यंत. वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी बाजारभाव काय होता, याचा या हिशेबाशी संबंध नाही. फेरफाराची तारीखही निरुपयोगी आहे, कारण फेरफार ही फक्त नोंद असते. त्याने मालकी सुरू होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. वडिलांनी जुळे सोलापुरात १९९६ साली ९०,००० रुपयांना मोकळा प्लॉट घेतला. २०१५ मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले. आई आधीच गेलेली, मागे एक मुलगा आणि एक मुलगी, म्हणजे दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा. ऑगस्ट २०२४ मध्ये बहिणीने हक्कसोडपत्र केलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भावाने प्लॉट ४० लाखांना विकला.

प्लॉट १ एप्रिल २००१ च्या आधीचा असल्यामुळे ९०,००० ऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव धरण्याची मुभा आहे. नोंदणीकृत मूल्यांककाने तो २,६०,००० काढला, पण त्या दिवसाचं मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य २,००,०००च निघालं, असं समजू. जमीन आणि इमारतीसाठी आता त्या मूल्याच्या वर जाता येत नाही, म्हणून २,००,००० धरायचे. मूल्यांककाचा अहवाल घेताना ही मर्यादा त्याच्याकडूनच लिहून घ्यावी. ती न पाहता अहवालातला मोठा आकडा विवरणपत्रात टाकल्याने बरीच प्रकरणं अडतात.

बहिणीने काहीही घेतलं नसेल, तर तिने दिलेला निम्मा हिस्सा भावाला बक्षिसासारखा मिळतो. बक्षीस देणं करापुरतं हस्तांतरण धरत नाहीत, म्हणून तिला कर नाही. भावाच्या हातात दोन्ही निम्मे हिस्से एकसारखेच असतात: खरेदी किंमत २ लाख, धारणकाळ १९९६ पासून. स्थावराला २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला की नफा दीर्घ मुदतीचा होतो. येथे नफा ३८ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ४,७५,००० रुपये आणि वर ४ टक्के उपकर.

महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वी संपादन केलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला अजून तुलनेपुरता उपलब्ध आहे. निर्देशांक २००१-०२ साठी १०० आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. २ लाखांचे ७,५२,००० होतात, नफा ३२,४८,००० आणि कर ६,४९,६००. म्हणजे या प्लॉटला तो परवडत नाही. विक्री किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण आठपटीच्या आत असली, तरच त्याकडे वळायचं. निर्देशांक वारसाच्या नव्हे, तर मागच्या मालकाच्या वर्षापासून लावायचा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात २०११ मध्ये दिला आणि सोलापूर त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतं.

आता बहिणीने १४ लाख घेतले असतील तर काय होतं ते पाहू. वारसाने मिळालेला निम्मा हिस्सा पूर्वीसारखाच राहतो: किंमत १ लाख, धारणकाळ १९९६ पासून. २० लाखांतून १ लाख वजा जाता नफा १९ लाख आणि कर २,३७,५००. दुसरा निम्मा हिस्सा मात्र भावाने ऑगस्ट २०२४ मध्ये विकत घेतलेला आहे. त्याची किंमत १४ लाख, त्यात त्याने भरलेलं मुद्रांक शुल्क मिळवायचं, आणि त्याचा धारणकाळ दस्ताच्या दिवसापासून मोजायचा. ऑक्टोबर २०२५ पर्यंत जेमतेम १४ महिने झालेले. म्हणून ६ लाखांचा नफा अल्प मुदतीचा ठरतो आणि भावाच्या इतर उत्पन्नात मिसळून त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात तो १,८०,००० होईल.

शिवाय बहिणीलाही कर आहे, आणि घरात बहुधा हेच विसरलं जातं. पैसे घेऊन हक्क सोडणं हे हस्तांतरण आहे. तिच्या बाजूने १४ लाखांतून १ लाख वजा, नफा १३ लाख, तोही वडिलांचा काळ धरून दीर्घ मुदतीचा, म्हणून कर १,६२,५००. तिच्या हिश्श्याची रेडी रेकनरची किंमत १४ लाखांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाली, तर तिला तीच किंमत विक्री म्हणून धरावी लागते. बहीण-भावाच्या व्यवहारालाही ही अट सुटलेली नाही. कमी किमतीत मिळाल्याबद्दल भावाला मात्र वेगळा कर लागत नाही, कारण तो नातेवाईक आहे.

मुद्रांक शुल्क आणि उपकर सोडून दोघांचा मिळून कर झाला ५,८०,०००, पहिल्या वाटेपेक्षा १,०५,००० ने जास्त. हा फरक केवळ धारणकाळाचा आहे. तोच प्लॉट भावाने दस्ताच्या तारखेपासून २४ महिने पूर्ण उलटल्यावर विकला आणि भाव तोच मिळाला, तर ६ लाखांवर ७५,००० च लागतील आणि एकूण कर पुन्हा ४,७५,००० वर येईल.

यातून एक पळवाट सुचवली जाते: दस्तात 'बिनमोबदला' लिहायचं आणि १४ लाख बाजूने द्यायचे. माझ्या मते ही सर्वांत वाईट वाट आहे. दस्तात नसलेले पैसे भावाला खरेदी किंमत म्हणून दाखवता येत नाहीत, तर बहिणीच्या खात्यात आलेल्या रकमेचा खुलासा द्यावाच लागतो. रोखीने दिले तर स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याबद्दल तेवढाच दंड होऊ शकतो. वारशावरून खरा वाद होता आणि तो कौटुंबिक तडजोडीने मिटला, तर ते वेगळं. अशा तडजोडीला न्यायालयांनी हस्तांतरण मानलेलं नाही. पण वाद कागदावर दिसायला हवा, दस्त करताना आठवलेला वाद चालत नाही.

विक्रीचा करार करण्याआधी वडिलांचं मूळ खरेदीखत हाती घ्या. सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढा. मग हक्कसोडपत्रातली मोबदल्याची ओळ वाचा आणि बँकेच्या नोंदीशी ताडून पाहा. दोन्ही जुळत असतील, तर प्लॉटचा कोणता भाग वारसाचा आणि कोणता विकतचा हे ठरतं. मग विवरणपत्रात एकाच विक्रीचे दोन वेगळे हिशेब दाखवायचे, एक दीर्घ मुदतीत आणि एक अल्प मुदतीत.