फोटोवरची तारीख पुसताना: कुठे कंटेंट-अवेअर फिल, कुठे क्लोन स्टॅम्प

१९९० च्या दशकातल्या अनेक घरगुती फोटोंच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख दिसते. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातील बारीक दिवा ते आकडे थेट फिल्मवर प्रकाशाने उमटवीत असे. त्यामुळे आकड्यांखालचा तपशील बऱ्याच अंशी पुसला गेलेला असतो आणि त्या जागी नवे पिक्सेल कुठून तरी आणावे लागतात. ते कुठून आणायचे, हे फोटोशॉपमधील कंटेंट-अवेअर फिल हे साधन स्वतः ठरवते. त्यातल्याच क्लोन स्टॅम्प या ब्रशमध्ये ते आपण ठरवतो. दोघांतील निवड या एकाच फरकावर करावी, असे माझे मत आहे.

कंटेंट-अवेअर फिल फोटोशॉपमध्ये २०१० साली, सीएस५ या आवृत्तीत आले. त्याच्या मुळाशी असलेली, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली पॅचमॅच ही पद्धत चित्राचे काही पिक्सेल रुंदीचे छोटे चौकोन घेते, रिकाम्या जागेच्या कडेशी जुळणारे चौकोन उरलेल्या चित्रात शोधते आणि एका पिक्सेलला चांगली जुळणी सापडली की तेच अंतर शेजारच्या पिक्सेलसाठीही तपासून पाहते. वाळू, गवत, माती, खरबरीत गिलावा अशा अनियमित पोतावर हे उत्तम चालते, कारण तिथे अमुक खडा अमुक जागीच असावा अशी अपेक्षा कोणाचीच नसते. विणलेली चटई, विटांची भिंत किंवा फरशी यांवर मात्र पद्धतीची मर्यादा उघडी पडते. प्रत्येक चौकोन आपल्या शेजाऱ्याशी जुळतो, पण डावीकडून आलेली ओळ उजवीकडच्या ओळीला नेमकी मिळते की नाही, हे पाहण्याइतकी त्याची नजर रुंद नसते. मग मधेच एखादी काडी जाड होते, तुटते किंवा दोन ओळी एकमेकींत मिसळतात.

समजा, ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला आहे. चित्र ३६०० × २४०० पिक्सेलचे होते आणि सुमारे २ मिलिमीटर उंचीचा आकडा ४७ पिक्सेल उंच असतो. तारखेचा अर्धा भाग अंगणातल्या मातीवर आणि अर्धा चटईवर आला आहे. आकड्यांभोवती फिकट नारिंगी झाक असते; ती निवडीबाहेर राहिली तर तीच कड खरी मानून नवा पोतही नारिंगी छटेचा बनतो. म्हणून आकडे निवडल्यावर, झाक पूर्ण आत येईपर्यंत निवड काही पिक्सेलनी वाढवावी.

मातीच्या भागावर कंटेंट-अवेअर फिल वापरावे, पण ते जिथून पिक्सेल घेते त्या नमुन्यांच्या क्षेत्रातून चटई आणि माणसांच्या आकृती ब्रशने वगळाव्यात, नाहीतर मातीत काड्या उगवतात. कोपऱ्याकडे फोटो काळोखत असेल, तर `Color Adaptation` वाढवून पाहावे. परिणाम नव्या लेयरवर घ्यावा, म्हणजे मूळ चित्र शाबूत राहते.

चटईवर क्लोन स्टॅम्प घ्यावा. तिथे महत्त्वाचे आहे ते अंतर: दोन काड्यांमधील अंतर २४ पिक्सेल असेल, तर काड्यांना काटकोनातील दिशेने नमुना २४, ४८ किंवा ७२ पिक्सेल दूरचाच हवा. व्यवहारात हे मोजत बसावे लागत नाही. `Alt` दाबून एका काडीच्या कडेवर क्लिक करावे, `Aligned` सुरू ठेवावे आणि आकड्याजवळच्या, अजून शाबूत असलेल्या दुसऱ्या काडीच्या त्याच कडेपासून रंगवायला लागावे. ब्रशच्या आत दिसणारा नमुना पहिल्या स्पर्शाआधीच ओळींवर बसतो की नाही, ते पाहावे. आकड्यांखाली काड्या नेमक्या कुठून जातात हे कळत नसेल, तर चॅनलमध्ये निळा एकटाच उघडून पाहण्यासारखा आहे: नारिंगी प्रकाशात निळा अंश कमी असल्याने तिथे तपशिलाच्या खुणा उरलेल्या सापडू शकतात.

क्लोन स्टॅम्पची खरी चूक बहुधा ब्रशच्या मऊपणात असते. फिल्मचे कण यादृच्छिक असतात. एकमेकांशी संबंध नसलेले दोन कणदार तुकडे निम्म्या-निम्म्या प्रमाणात मिसळले, की कणांचा चढउतार मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येतो आणि तेवढी जागा गुळगुळीत, धुरकट दिसते. अतिशय मऊ कडेचा किंवा अर्ध्या अपारदर्शकतेचा ब्रश सगळीकडे हेच करतो. म्हणून अपारदर्शकता १०० टक्के ठेवावी, कड थोडीच मऊ करावी आणि मातीसारख्या मोकळ्या पोतावर नमुना वारंवार बदलावा, कारण एकच ठळक डाग दोनदा उमटला की डोळा तो लगेच पकडतो.

तपासणीसाठी सर्वांत वर कर्व्ह्‌जचा तात्पुरता लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवावा आणि चित्र १०० टक्के आकारात पाहावे. उरलेली नारिंगी झाक, धुरकट पट्टा किंवा आवर्तने ताबडतोब दिसतात. झाक दिसली तर ती आत घेऊन निवड नव्याने करावी आणि तेवढा भाग पुन्हा भरावा. धुरकट पट्ट्यावर मात्र पुन्हा मऊ ब्रश फिरवू नये. तिथले क्लोनिंग काढून ती जागा कडक ब्रशने नव्याने रंगवावी.